नवं-जुनं केलेलं कर्ज आणि जुना जामीन: एका मामांची फाइल

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. एका तालुक्याच्या गावातली बिगरशेती पतसंस्था, टेम्पोसाठी कर्ज घेणारा भाचा आणि त्याला जामीन राहिलेले, अनुदानित शाळेत शिक्षक असलेले मामा अशी तिघांची ही गोष्ट आहे. जामीनपत्राच्या छापील फॉर्ममधलं कोणतं वाक्य पुढे जाऊन किती रुपयांना पडतं, हे एकाच फाइलमधून नीट दिसावं म्हणून आकडे मुद्दाम शेवटपर्यंत नेले आहेत.

भाच्याने मालवाहू टेम्पो घेण्यासाठी ६ लाख रुपये कर्ज मागितलं. व्याज १४ टक्के, घटत्या शिल्लकेवर, मुदत ६० महिने, हप्ता १३,९६१ रुपये. टेम्पो संस्थेकडे नजरगहाण राहणार होता, म्हणजे ताबा आणि वापर भाच्याचा पण तारण संस्थेचं, आणि शिवाय दोन जामीनदार लागणार होते. एक भाच्याचा मित्र झाला, दुसरे मामा. पगारदार जामीनदार असेल तर संचालक मंडळ लवकर मंजुरी देतं, हे भाच्याला ठाऊक होतं. "मामा, नुसती सही लागते, टेम्पो तर संस्थेच्याच नावावर गहाण आहे," असं तो म्हणाला आणि ते त्याने मनापासूनच म्हटलं होतं.

संस्थेत मामांनी पाच ठिकाणी सह्या केल्या. पहिली नाममात्र सभासदत्वाच्या अर्जावर. दुसरी जामीनपत्रावर. तिसरी वचनचिठ्ठीवर. चौथी पगारातून कपात करायला संमती देणाऱ्या पत्रावर, ज्यात रकमेची जागा कोरी होती. पाचवी एका कोऱ्या धनादेशावर. जामीनपत्राची प्रत त्यांनी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही.

नाममात्र सभासदत्वाचा अर्ज ही किरकोळ औपचारिकता वाटते, पण त्या सहीमुळे जामीनदार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या वसुलीच्या चौकटीत येतो. बँकेच्या साध्या कर्जात जामीनदारावर दिवाणी दावा होतो, कैफियत द्यायला वेळ मिळतो, साक्षीपुरावा होतो. पतसंस्थेला त्याच्यापेक्षा जवळचा रस्ता आहे, तो पुढे येईलच.

पंधरावा महिना

चौदा हप्ते वेळेवर गेले. तेव्हा कर्जाची बाकी सुमारे ४ लाख ९५ हजार होती. पंधराव्या महिन्यात भाच्याला आणखी २ लाख हवे होते. संस्थेने ते वेगळं कर्ज म्हणून दिले नाहीत. नवं-जुनं केलं: ६ लाख ९५ हजारांचं नवं कर्ज मंजूर केलं, त्यातून जुनं खातं पूर्ण भरून बंद केलं आणि उरलेले २ लाख भाच्याच्या बचत खात्यात जमा केले. नवा हप्ता १६,१७१ रुपये झाला, मुदत पुन्हा ६० महिने. नव्या कागदांवर भाच्याची आणि मित्राची सही आहे. मामांची नाही. त्यांना कुणी बोलावलंही नाही.

नव्या कर्जाचे पाच हप्ते गेले आणि भरणा थांबला. त्या दिवशी बाकी साधारण ६ लाख ५३ हजार ७०० होती. पुढच्या दीड वर्षात थकीत रकमेवर दंडव्याजासह १६ टक्क्यांनी दीड लाखाच्या वर व्याज चढलं. नोटिसांचा खर्च धरून मागणी ८ लाख १५ हजारांवर गेली. या दीड वर्षात मामांना नियमित सूचना नव्हती. एक लखोटा आला होता, भाचा म्हणाला, "मी बघतो मामा, तुम्ही काळजी करू नका." सुनावणीची नोटीस जामीनपत्रावर लिहिलेल्या पत्त्यावर गेली आणि मामांनी मधल्या काळात घर बदललं होतं.

संस्थेने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडे अर्ज केला. ही संक्षिप्त चौकशी असते. संस्था खाते उतारा आणि कर्जाचे कागद देते, कर्जदार आणि जामीनदारांना म्हणणं मांडायची संधी दिली जाते आणि समाधान झालं की वसुली दाखला निघतो. हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. मामा हजर नव्हते. दाखल्यावर तीन नावं लागली आणि रक्कम पूर्ण लागली, तिघांवर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे.

मामांना प्रकरण खऱ्या अर्थाने कळलं ते मुख्याध्यापकांनी बोलावून संस्थेच्या विशेष वसुली अधिकाऱ्याचं पत्र दाखवलं तेव्हा. पत्रात पगारजप्तीचा उल्लेख होता.

"आधी त्याला धरा ना"

मामांचा पहिला प्रश्न प्रत्येक जामीनदाराचा असतो. कर्ज भाच्याने घेतलं, टेम्पो भाच्याचा, मग आधी त्याच्याकडून वसूल करायचं सोडून माझ्याकडे का?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ मध्ये उत्तर आहे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. ती दुय्यम किंवा राखीव नसते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात खालच्या न्यायालयाने आधी कर्जदाराकडून वसुली करून पाहा, मगच जामीनदाराकडे जा, अशी अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती काढून टाकली. कर्जदाराकडून पैसे निघत नाहीत तेव्हाच जामीन उपयोगी पडायचा असतो; धनकोला आधी तिकडे पाठवलं तर जामिनाचा हेतूच उरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तेव्हापासून या मुद्द्यावर लढणारे जामीनदार जवळजवळ नेहमी हरतात.

पण कलम १२८ मधलं "करारात वेगळं ठरलेलं नसेल तर" हे मामांसाठी सगळ्यात मोलाचं वाक्य होतं. मर्यादा, क्रम, शर्ती हे सगळं करारात घालता येतं. सही करायच्या आधी ते घालायला हवं होतं. सही झाल्यावर कायद्याचा नेहमीचा नियम लागू होतो आणि तो धनकोच्या बाजूचा आहे.

जामीनपत्र उघडल्यावर

वकिलाने प्रथम काय केलं, तर संस्थेकडे अर्ज देऊन मामांच्या सहीचे सगळे कागद, दोन्ही कर्जखात्यांचे उतारे आणि नूतनीकरणाच्या वेळचा मंडळाचा ठराव यांच्या प्रती मागितल्या. मी जिथे जिथे अशा फाइली पाहिल्या, तिथे बचावाचा धागा याच कागदांत सापडला आहे. इथेही तीन गोष्टी निघाल्या.

पहिली नवं-जुनं. कलम १३३ सांगतं की धनको आणि कर्जदार यांनी जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या शर्तींत बदल केला, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. शिवाय जुनं खातं तर पूर्ण फेडून बंद केलेलं होतं. ज्या कर्जाला मामा जामीन होते ते कागदोपत्री फिटलं आणि नव्या कर्जावर त्यांची सही नाही. युक्तिवाद भक्कम होता आणि एरवी मामा इथेच सुटले असते.

पण जामीनपत्रात अकरावं कलम होतं: "सदर कर्जाची मुदतवाढ, नूतनीकरण, पुनर्रचना अथवा वाढीव कर्ज यांस माझी पूर्वसंमती असून त्यासाठी मला स्वतंत्र सूचना देण्याची आवश्यकता नाही." जामीनदाराने आपले कायद्याने मिळणारे हक्क करारातून सोडून दिले असतील तर न्यायालयं तो करार धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने सीता राम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निकालात चालू जामिनाबाबत, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेल्या जामिनाबाबत, हेच केलं. कलम १३० प्रमाणे चालू जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो. पण जामीनपत्रात तो हक्क सोडलेला होता, म्हणून जामीनदाराने पाठवलेलं जामीन मागे घेण्याचं पत्र उपयोगाचं ठरलं नाही.

तरी अकराव्या कलमाने सगळं संपत नव्हतं. जामीनपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात रक्कम लिहिली होती: रुपये सहा लाख. नव्या खात्याची मंजुरी ६ लाख ९५ हजारांची आणि थकीत मुद्दल ६ लाख ५३ हजार ७००. पूर्वसंमतीचा अर्थ कितीही ताणला तरी मुद्दलापोटी जबाबदारी ६ लाखांच्या वर जाऊ नये, हे म्हणायला जागा होती. आकडा लिहिलेला होता म्हणून ती जागा मिळाली. काही फॉर्मांत "संस्थेस देय होणाऱ्या सर्व रकमा" एवढंच असतं, तिथे हा आधारही राहत नाही.

दुसरी गोष्ट टेम्पो. तो कुठे आहे याचा शोध घेतला तर तो दहा महिन्यांपूर्वीच परजिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याच्या नावावर गेलेला होता. नजरगहाण असलेलं वाहन संस्थेच्या ना-हरकतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पण ते केव्हा, तर नोंदणी पुस्तकावर बोजा चढलेला असेल तेव्हा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे आरटीओकडे नमुना ३४ देऊन ही नोंद करावी लागते. संस्थेने नजरगहाणखत करून घेतलं, फाइलला लावलं आणि नमुना ३४ दाखलच केला नाही. नोंदणी पुस्तक कोरं राहिलं. भाच्याने टेम्पो विकला आणि आरटीओत कुणाला काही विचारावंसं वाटण्याचं कारणच नव्हतं.

इथे मामांच्या बाजूने कायदा ठाम उभा होता. कलम १४१ प्रमाणे, जामीन देतेवेळी धनकोकडे जे तारण असतं त्याचा लाभ जामीनदाराला मिळतो, मग त्याला त्या तारणाची माहिती असो वा नसो. धनकोने ते तारण गमावलं किंवा जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडून दिलं, तर तारणाच्या किमतीएवढा जामीनदार मोकळा होतो. अमृतलाल गोवर्धन लालन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या १९६८ च्या प्रकरणात बँकेकडे तारण असलेल्या मालात बँकेच्या हलगर्जीमुळे तूट आली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या तुटीच्या किमतीइतकी जामीनदाराची जबाबदारी कमी केली. आमच्या फाइलमध्ये नूतनीकरणाच्या वेळी संस्थेच्याच मूल्यांकनकाराने टेम्पोची किंमत ५ लाख १० हजार लिहिलेली होती. ८ लाख १५ हजारांतून ती वजा केली की ३ लाख ५ हजार उरतात.

आणि जामीनपत्रात कलम १४१ चा हक्क सोडून दिल्याचं वाक्य नव्हतं. बऱ्याच बँकांच्या फॉर्मांत कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ असे आकडे लिहून "या कलमांखालील माझे हक्क मी सोडून देत आहे" असं छापलेलं असतं. मामांच्या संस्थेचा फॉर्म जुना होता, त्यात ते राहून गेलं होतं. याला नशीबच म्हणायचं, कारण मामांनी ते वाचून वगळायला लावलं नव्हतं.

तिसरी गोष्ट मामांच्या विरोधात जाणारी होती. संस्थेने थकबाकी वाढत असताना दीड वर्ष मामांना गाठलं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा राग होता. तो समजण्यासारखा आहे, पण कलम १३७ नुसार धनकोने नुसती दिरंगाई केली, दावा लावला नाही, म्हणून जामीनदार सुटत नाही. वेळेत कळवण्याचं बंधन कायदा आपोआप घालत नाही. ते करारात लिहून घ्यावं लागतं.

दाखला निघाल्यानंतरची कोंडी

चांगला मुद्दा हातात असूनही तो मांडायला मामांना दार महाग होतं. कलम १०१ च्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, मुदत दोन महिन्यांची. पण देय रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेत भरल्याशिवाय तो अर्ज विचारातच घेतला जात नाही. म्हणजे ४ लाख ७ हजार ५०० रुपये भरा आणि मग सांगा की मी ३ लाख ५ हजारच देणं लागतो. सुनावणीच्या नोटिशीला उत्तर दिलं असतं तर बोज्याचा मुद्दा एक रुपयाही न भरता सहायक निबंधकांपुढे मांडता आला असता. जामीनदाराने संस्थेचा लखोटा कधीही कर्जदाराच्या भरवशावर सोडू नये, ते याच कारणासाठी.

दुसरीकडे पगारजप्तीचा हिशोब होता. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ची मर्यादा लागते: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. जप्तीसाठी धरायचा पगार ६१,००० असेल तर ६०,००० चा एक तृतीयांश, म्हणजे महिन्याला २०,००० कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती २४ महिने चालली की पुढे त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला हात लावता येत नाही. भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि शासकीय निवृत्तिवेतन यांनाही संरक्षण आहे. मामांची निवृत्ती सहा वर्षांवर होती, त्यामुळे त्यांना हे ऐकून जरा धीर आला.

पण त्यांनी सही केलेलं पगारकपातीचं संमतिपत्र फाइलमध्ये होतंच. सहकार अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये सभासदाने असा करार करून दिला तर मालकाने पगारातून कापून संस्थेला पाठवावं, अशी तरतूद आहे. स्वतःहून दिलेल्या संमतीपुढे जप्तीपासूनचं संरक्षण किती टिकेल, हा वेगळाच वाद होतो, आणि कोरी रक्कम असलेलं पत्र तो वाद मामांच्या विरुद्ध सुरू करतं.

कोऱ्या धनादेशाचा धोका त्याहून मोठा. जामीनदाराने दिलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली त्याच्यावरही फौजदारी खटला होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आयसीडीएस विरुद्ध बीना शबीर प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कर्जाच्या वादात निबंधक कार्यालयापर्यंत मर्यादित असलेला माणूस त्यामुळे दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहतो.

सहीच्या आधी मामांनी काय मागायला हवं होतं

इथे मी एक गोष्ट सरळ सांगतो. पतसंस्थेचा किंवा बँकेचा छापील फॉर्म बदलत नाही, असं काउंटरवर ऐकवलं जातं. फॉर्म बदलत नाही हे खरं असलं तरी त्याला पुरवणी जोडता येते, ओळ खोडून दोन्ही बाजूंच्या लघुसह्या करता येतात आणि मंजुरीपत्रात अटी घालता येतात. पगारदार जामीनदार संस्थेला हवा असतो. रक्कम वितरित होईपर्यंत त्याच्या शब्दाला वजन असतं, नंतर ते राहत नाही.

सगळ्यात आधी मर्यादा. मामांनी पुरवणीत असं लिहून घ्यायला हवं होतं: "माझी जबाबदारी फक्त कर्ज खाते क्रमांक अमुक यापुरती असून मुद्दल, व्याज, दंडव्याज व खर्च धरून एकूण रुपये चार लाखांच्या पुढे जाणार नाही." यात खाते क्रमांकाचं काम आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. खातं बंद झालं की जामीनही बंद, हे त्यातून निघतं. आणि "सर्व धरून" हे शब्द हवेतच, नाहीतर मर्यादा मुद्दलाची ठरते आणि व्याज वर चढत राहतं. ४ लाख का? दोन जामीनदार आहेत, टेम्पो आहे, आणि एका पगारदार माणसाने दोन वर्षांच्या पगारजप्तीत फिटेल त्यापेक्षा जास्त डोक्यावर घेऊ नये, एवढा साधा हिशोब.

मग पूर्वसंमतीची ओळ. ती खोडायला संस्था सहज तयार होत नाही, कारण नवं-जुनं हा तिचा रोजचा व्यवहार असतो. तिथे तडजोड अशी निघते: मुदतवाढ किंवा हप्ता कमी करणं यांना पूर्वसंमती राहू द्यावी, पण वाढीव रक्कम, नवं खातं आणि व्याजदर वाढ यांना प्रत्येक वेळी माझी लेखी सही लागेल, अन्यथा मी नूतनीकरणाच्या दिवसापासून मुक्त. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत मिळणं जामीनदाराच्याही फायद्याचं असतं, म्हणून सरसकट सगळंच नाकारण्यात अर्थ नाही.

तारणाबाबत मामांनी एकच अट घातली असती तरी हे सगळं प्रकरण घडलं नसतं: "नोंदणी पुस्तकावर संस्थेचा बोजा नोंदवल्याची प्रत मला मिळेपर्यंत माझा जामीन अंमलात येणार नाही." संस्था वाहन विक्रेत्याला पैसे आधी देते आणि नोंदणी नंतर होते, म्हणून हवं तर तीस दिवसांची मुदत ठेवावी. तपासणं तर फारच सोपं आहे. एमपरिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकला की वित्तपुरवठादाराचं नाव नोंदलं आहे का ते कळतं. घर तारण असेल तर सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढला का ते पाहावं. आणि कलम १४१ चा हक्क सोडणारं वाक्य फॉर्ममध्ये असेल, तर बाकी सगळं सोडून तेवढं एक खोडायला लावावं, असं माझं ठाम मत आहे. त्या वाक्यामुळे धनको तारणाबाबत निष्काळजी राहायला मोकळा होतो आणि त्या निष्काळजीपणाची किंमत जामीनदार मोजतो.

वसुलीचा क्रम, म्हणजे आधी टेम्पो ताब्यात घेऊन लिलाव करा आणि उरेल तेवढंच माझ्याकडे मागा, ही अट कलम १२८ ला धरून आहे, पण ती पूर्ण स्वरूपात क्वचितच मान्य होते. "जामीनदाराकडे मागणी करण्यापूर्वी ९० दिवस तारण ताब्यात घेण्याची कारवाई करावी" एवढी कमी केली तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. त्याबरोबर सूचनेचं कलम: सलग दोन हप्ते थकले तर पंधरा दिवसांत जामीनदाराला लेखी आणि मोबाइलवर कळवावं, न कळवल्यास त्या काळाचं दंडव्याज जामीनदाराकडून घेऊ नये. मामांना दोन हप्ते थकल्यावरच कळलं असतं, तर टेम्पो विकला जायच्या आधी ते भाच्याच्या दारात उभे असते.

कोरा धनादेश देऊ नये. आग्रहच असेल तर मर्यादेची रक्कम लिहून, रेघ मारून, धनादेश क्रमांकासह पोचपावती घ्यावी. पगारकपातीच्या पत्रात महिन्याची कमाल रक्कम आणि एकूण रक्कम भरल्याशिवाय सही करू नये.

भाच्याकडूनही लिहून घ्यायला हवं होतं. कर्जदाराने जामीनदाराला भरपाई द्यायची ही जबाबदारी कलम १४५ मध्ये गृहीतच आहे, पण मुद्रांक कागदावर स्वतंत्र प्रतिहमी असली की दाव्यात पुराव्याचं काम सोपं होतं. नात्यात असा कागद मागायला जड जातं. मामांनाही गेलं असतं. तरी बहिणीला समोर बसवून, "माझ्या पगारावर आलं तर तुझा प्लॉट विकून देणार का?" हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा होता, उत्तर काय आलं असतं त्यावर सही ठरली असती.

कसं मिटलं

मामांनी पुनरीक्षणाचा अर्ज तयार ठेवला, पण दाखल करण्याआधी वकिलामार्फत संस्थेला पत्र दिलं. त्यात दोनच गोष्टी होत्या: बोजा न चढवल्याचा आरटीओचा तपशील आणि नूतनीकरणाच्या फाइलमधलं ५ लाख १० हजारांचं मूल्यांकन. नमुना ३४ दाखल न करणं ही लेखापरीक्षणात संस्थेच्याच अंगावर येणारी गोष्ट होती, त्यामुळे मंडळ बोलायला बसलं. ३ लाख ४० हजारांवर तडजोड झाली, बारा मासिक हप्त्यांत, पुढे व्याज नाही.

तडजोडीच्या पत्रावर दोन बैठका गेल्या. संस्थेच्या मसुद्यात "तडजोडीपोटी रक्कम स्वीकारण्यात येत आहे" एवढंच होतं. त्यात मामांच्या वकिलाने चार गोष्टी घालून घेतल्या: शेवटचा हप्ता भरल्यावर मामांविरुद्धचा वसुली दाखला पूर्ण फिटलेला समजला जाईल, विशेष वसुली अधिकारी तसं शाळेला लेखी कळवतील, कोरा धनादेश आणि पगारकपातीचं पत्र परत मिळेल, आणि भाचा व मित्र यांच्याविरुद्धची वसुली चालूच राहील. शेवटची गोष्ट मित्राला आवडली नाही. त्याचं म्हणणं होतं की एक जामीनदार सुटला की दुसराही सुटतो. करार अधिनियमाचं कलम १३८ तसं म्हणत नाही: धनकोने एका सहजामीनदाराला मोकळं केलं म्हणून बाकीचे मोकळे होत नाहीत, आणि मोकळा झालेला सहजामीनदारही बाकीच्यांना वाटा देण्यातून सुटत नाही.

वाट्याचा हिशोब अजून चालू आहे. कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी आपसात बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो, मात्र मित्राने नव्या कर्जावर सही केलेली आणि मामांनी नाही, म्हणून त्या वाढीव २ लाखांत मामांचा वाटा धरायचाच नाही असं त्यांचे वकील म्हणतात. भाच्याविरुद्ध पूर्ण ३ लाख ४० हजारांची मागणी करणारी नोटीस गेली आहे. भरलेल्या प्रत्येक हप्त्यापासून तीन वर्षांची मुदत चालू होते, म्हणून मामा पावत्या तारखेवार लावून ठेवतात.